आकड्याला टाळी कशी मिळते

"त्यांनी सातशे दिले, आम्ही वीस हजार दिले!"

समजा, मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळच्या प्रचारसभेत हे वाक्य व्यासपीठावरून आलं. विषय धानाच्या बोनसचा आहे. वाक्य एका दमात संपतं आणि त्यातले दोन्ही आकडे खरे आहेत. २०२०-२१च्या खरिपात राज्य सरकारने हमीभावावर क्विंटलमागे सातशे रुपये बोनस दिला होता. २०२३-२४ला हेक्टरी वीस हजार रुपये जाहीर झाले. टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात, लोक घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्याच गावात समोरच्या पक्षाचा उमेदवार उभा राहतो. त्याच्या उत्तरात क्विंटल येणार, हेक्टर येणार, एकर येणार, वर्षं येणार. वाक्याला लागले चार सेकंद, पण उत्तराला चार मिनिटं लागतील, आणि तेवढ्या वेळात मागच्या रांगेतली माणसं उठून पानठेल्याकडे जाऊ शकतात.

तरीही असं उत्तर देता येतं. आवाज न चढवता, समोरच्याला खोटारडा न म्हणता, आणि लोकांना जागेवर बसवून. ते कसं घडतं हे पाहू लागलं, की भाषण या गोष्टीकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

आधी अडचण समजून घेऊ. "हे खोटं आहे" एवढं म्हटल्याने ऐकलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. १९९४ साली हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची बातमी तुकड्यातुकड्यांनी वाचायला दिली. सुरुवातीच्या एका तुकड्यात होतं, की गोदामातल्या एका कपाटवजा खोलीत रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या ठेवलेल्या होत्या. पुढे दुरुस्ती आली: ती खोली रिकामी होती. वाचणाऱ्यांना दुरुस्ती कळली होती, विचारल्यावर ती सांगताही येत होती. पण काळा धूर का निघाला, स्फोट का झाले, असं विचारलं की बोट पुन्हा त्या रंगाच्या डब्यांकडेच जायचं. नुसती दुरुस्ती मनात एक रिकामी जागा सोडते, आणि ती जागा भरायला जुनंच कारण परत येऊन बसतं. ज्यांना मात्र दुरुस्तीबरोबर दुसरं कारणही सांगितलं गेलं, म्हणजे आग मुद्दाम लावल्याचं साहित्य सापडलं असं, त्यांच्या उत्तरांतून रंगाचे डबे बरेचसे गळून पडले.

सभेतल्या वक्त्याला याचा अर्थ फार मोठा आहे. समोरचा आकडा फक्त नाकारून चालत नाही. तो आकडा तसा का दिसतो, कुठून उभा राहिला, हेही सांगावं लागतं. तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या मनातली जागा भरते.

भंडाऱ्याच्या मातीत या पद्धतीचा थोर जाणकार स्वतः उमेदवार म्हणून उतरला होता. तीही कथा धान आणि विडी यांच्या जिल्ह्याला शोभेल अशी आहे. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत भंडाऱ्यातून दोन खासदार निवडले गेले होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवर. सर्वसाधारण जागेवरचे चतुर्भुज जसानी विड्यांच्या एका कंपनीत भागीदार होते. त्या कंपनीचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता. शिवाय राखीव जागेवरच्या एका महार उमेदवाराचा अर्ज, त्याने महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून तो आता महार उरला नाही, असं सांगून नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या फेब्रुवारीत दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या आणि सगळी निवडणूकच रद्द केली. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. तेव्हा भंडारा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता, आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याच्याच पोटात होता. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

आंबेडकरांविरुद्ध आणि त्यांच्या पक्षाविरुद्ध काँग्रेसचा एक दावा कितीतरी वर्षं चालत आला होता: अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी आम्हीच, निवडणुकांनी ते सिद्ध केलं आहे. या दाव्याला त्यांनी १९४५ साली आपल्या पुस्तकात जे उत्तर दिलं, ते पुस्तकातलं असलं तरी सभेसाठी उत्तर कसं रचावं याचा मला तो उत्तम नमुना वाटतो. त्यांनी १९३७च्या प्रांतिक निवडणुकीचे निकाल घेतले. अस्पृश्यांसाठी राखीव जागा १५१. काँग्रेसने त्यातल्या जिंकल्या ७८. हा ७८चा आकडा त्यांनी दडवला नाही, तोच पुढे ठेवला. मग वाचणाऱ्याच्या मनात आपोआप वजाबाकी होते: ७३ जागा काँग्रेसबाहेर गेल्या. जी संस्था एकमेव प्रतिनिधी असल्याचं सांगते, तिच्याबाहेर जवळपास निम्म्या जागा!

पण ७८ म्हणजे निम्म्याहून जास्त, हेही खरंच. इथे थांबले असते तर उत्तर अर्धवट राहिलं असतं. म्हणून पुढचा प्रश्न आला: या ७८ जागा कुणाच्या मतांनी आल्या? पुणे करारानंतरच्या व्यवस्थेत राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत जास्तीत जास्त चार जण निवडायचे, आणि मग अंतिम निवडणुकीत सगळ्या हिंदू मतदारांनी मिळून त्यातला एक निवडायचा. म्हणजे राखीव जागा जिंकणं आणि अस्पृश्यांची मतं जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. समोरच्याचा आकडा खरा आहे, पण तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून दाखवला जातो, ती गोष्ट त्याने मोजलेलीच नाही. आकडा कसा उभा राहिला हे समजलं, की मनातली रिकामी जागा भरते. जॉन्सन आणि सायफर्ट यांचा प्रयोग यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती.

आता त्याच रीतीने मोहाडीच्या सभेत परत जाऊ. आपला उमेदवार काय करू शकतो?

पहिलं वाक्य होकाराचं. "वीस हजार मिळाले, ही गोष्ट खरी आहे." सभेत थोडी चुळबुळ होते, कारण लोक नकाराची वाट बघत असतात. ही चुळबुळ म्हणजेच लक्ष. जो वक्ता समोरच्याचा खरा भाग मान्य करतो, त्याचं पुढचं वाक्य ऐकायला लोक थांबतात, कारण आता तो काय बोलेल हे त्यांना आधी माहीत नसतं.

दुसरं काम माप बदलण्याचं. सातशे रुपये क्विंटलला होते, वीस हजार हेक्टरला. ही दोन मापं शेजारी ठेवून लहानमोठं ठरवताच येत नाही. पण "क्विंटल आणि हेक्टर यांची तुलना होत नाही" असं व्यासपीठावरून सांगितलं तर सभा झोपेल. भंडाऱ्याचा शेतकरी हेक्टरात विचार करत नाही. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असले तरी बोलताना तो एकरात बोलतो, बांधीत बोलतो. म्हणून वक्ता विचारतो, "एक एकराचा बोनस किती झाला?" अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. वीस हजाराला अडीचने भागलं की आठ हजार. हा भागाकार वक्त्याने करायचा नाही. पुढच्या रांगेतला कुणीतरी "आठ हजार!" म्हणून ओरडतो, आणि आकडा सभेचा होतो.

मग तिसरं. "आणि तुमच्या बांधीत एकरी किती पिकले जी?" इथे गावागावात उत्तर वेगळं येतं, आणि तेच या उत्तराचं मर्म आहे. बावनथडीच्या पाण्याखालचं गाव असेल, रोवणी वेळेवर झाली असेल, तुडतुड्यांनी झोडपलं नसेल, तर कुणी पंधरा क्विंटल म्हणेल. पंधरा क्विंटलला सातशे म्हणजे साडेदहा हजार. जुन्या पद्धतीने साडेदहा, नव्या पद्धतीने आठ. अडीच हजारांचा फरक. शेवटचा हा हिशेबही लोकांनीच केलेला असतो.

वक्त्याला इथेच थांबावंसं वाटतं, आणि नेमकं इथेच थांबायचं नसतं. कारण कोरडवाहू गावात एकरी आठ क्विंटलच झाले असतील, तर जुन्या पद्धतीने छप्पन्नशे आणि नव्याने आठ हजार. तिथे नवी पद्धत शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. दोन्ही पद्धती सारख्या कुठे होतात? आठ हजाराला सातशेने भागा: एकरी सुमारे साडेअकरा क्विंटलला. त्याच्या वर पिकवणाऱ्या आणि सगळं धान आधारभूत खरेदी केंद्रावर घालणाऱ्या लहान शेतकऱ्याला जुना बोनस जास्त होता. त्याच्या खाली पिकवणाऱ्याला नवा जास्त. शिवाय नव्या पद्धतीत नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकलंच पाहिजे अशी अट राहिली नाही, त्यामुळे घरी खायला ठेवणाऱ्यालाही पैसे मिळाले. क्विंटलमागे बोनस होता तेव्हा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचंच धान केंद्रावर चढतं, अशी तक्रार होत असे. ही बाजूही खरी आहे.

आपल्या विरुद्ध जाणारं हे सगळं वक्त्याने सांगायचं का? बहुतेक कार्यकर्ते म्हणतील, नको. पण १९५३ साली आर्थर लम्सडेन आणि अर्व्हिंग जॅनिस यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वाचला, की थक्क व्हायला होतं. त्यांनी लोकांना एक भाषण ऐकवलं: रशिया पुढची निदान पाच वर्षं मोठ्या संख्येने अणुबॉम्ब बनवू शकणार नाही. काहींना फक्त त्याच बाजूचे मुद्दे ऐकवले, काहींना विरुद्ध बाजूचे मुद्देही घेऊन त्यांना उत्तर दिलेलं ऐकवलं. त्या वेळी दोन्ही भाषणांचा परिणाम जवळपास सारखाच झाला. पण एक आठवड्याने काही जणांना उलट बाजूचं भाषण ऐकवल्यावर चित्र पालटलं. एकाच बाजूचं ऐकलेल्यांपैकी पहिल्या मतावर टिकले फक्त दोन टक्के. दोन्ही बाजू ऐकलेल्यांपैकी टिकले एकसष्ट टक्के.

प्रचाराच्या दिवसांत हा उलट वार एका आठवड्याने नाही, दुसऱ्याच संध्याकाळी येतो. आज "तुमचं नुकसान झालं" एवढंच सांगून गेलेल्या वक्त्याला उद्या समोरचा एवढंच विचारेल: "घरी धान ठेवणाऱ्याला सातशेतून काय मिळालं?" आणि सगळी सभा विरघळेल. तोच प्रश्न आज स्वतः मांडून त्याचं उत्तर दिलेलं असेल, तर उद्या तो शिळा होतो. शांत उत्तरात दोन्ही बाजू ठेवणं हा नुसता चांगुलपणा नाही, ते उत्तर टिकवण्याचं तंत्र आहे.

पण चार मिनिटं लोक बसतील कसे, हा प्रश्न उरतोच. इथे टाळीकडे बघावं लागतं. मॅक्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभ्यासकाने राजकीय भाषणांची ध्वनिमुद्रणं सेकंदाच्या तुकड्यांत मोजली आणि १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं, की चांगली टाळी वाक्य संपल्यावर विचार करून पडत नाही. ती वाक्याच्या शेवटाला जवळपास चिकटून सुरू होते आणि साधारण आठ सेकंद चालते. हजार माणसं एकाच क्षणी हात कसे उचलतात? कारण वाक्य कुठे संपणार हे त्यांना आधीच कळलेलं असतं. दोन टोकं समोरासमोर ठेवलेली असली, की दुसरं टोक येताच हात तयार होतात. तिहेरी यादी असली, की तिसऱ्या शब्दावर. पुढे जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी ब्रिटिश पक्षांच्या अधिवेशनांतली ४७६ भाषणं तपासली. टाळ्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त टाळ्या अशा मोजक्या रचनांच्या मागेच पडलेल्या निघाल्या, आणि त्यात सगळ्यात पुढे होती विरोधाची जोडी.

"त्यांनी सातशे, आम्ही वीस हजार" हे वाक्य का गाजतं, ते आता उलगडतं. ती विरोधाची शुद्ध जोडी आहे. टाळी आकड्याला पडत नाही, घडणीला पडते. मग तीच घडण खऱ्या हिशेबाला का देऊ नये? "क्विंटलने मोजलं तर साडेदहा, हेक्टरने मोजलं तर आठ." हीसुद्धा जोडीच आहे, तेवढीच छोटी, आणि तिच्यातले आकडे एकाच एकराचे आहेत. फरक इतकाच, की ही जोडी हिशेब संपल्यावर यायला हवी. आधी आली तर ती समोरच्यासारखीच एक घोषणा होते. लोकांनी स्वतः गुणाकार केल्यावर आली, तर ती त्यांच्याच मनातलं वाक्य बोलते आणि हात आपोआप उठतात. अनुभवी वक्ते या वेळेची फार काळजी घेतात. टाळी सुरू होण्याआधीच पुढचं वाक्य सुरू केलं, तर टाळीही मरते आणि ते वाक्यही.

आवाजाचंही एक गणित आहे. मैदानात दूरवर लावलेले भोंगे असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर अंतरावरच्या भोंग्याचा आवाज जवळच्या भोंग्यामागून सुमारे पाव ते तिसरा हिस्सा सेकंद उशिरा कानावर येतो, म्हणजे भरभर बोलणाऱ्याची एक-दोन अक्षरं एकमेकांवर चढतात. अशा वेळी एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सभेतला आकडा गोल असावा, वाक्याच्या शेवटी असावा आणि त्याच्यामागे श्वासभर थांबावं. "सत्तावीसशे त्रेसष्ट" हा आकडा कागदावर जितका चोख, तितकाच भोंग्यातून निरुपयोगी. तो हातातल्या कागदावर असावा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येईल.

लांब उत्तर बांधून ठेवणारी आणखी एक युक्ती जुनी आहे आणि आपल्याकडे कीर्तनकार ती रोज वापरतात: ध्रुवपद. पूर्वरंग कितीही फिरो, बुवा पुन्हा त्याच चरणावर येतात आणि सगळा मंडप एकत्र होतो. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कमधल्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये अब्राहम लिंकन यांनी हेच केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांचं म्हणणं होतं, की ज्यांनी आपली राज्यघटना घडवली, त्या पूर्वजांना गुलामगिरीचा हा प्रश्न आपल्याइतकाच, किंबहुना आपल्याहून चांगला कळत होता. लिंकन यांनी ते वाक्य पूर्ण मान्य केलं. मग घटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांची एकेक करून नोंद काढली: केंद्र सरकारला नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीवर नियंत्रण ठेवता येतं, असं कुणी कुणी आपल्या मतदानातून दाखवलं होतं? २१ जणांनी. स्पष्ट बहुमत. आणि या सगळ्या रुक्ष मोजणीत दर थोड्या वेळाने डग्लस यांचंच वाक्य परत येत राहिलं, दर खेपेला थोडं जास्त वजन घेऊन. समोरच्याचं वाक्यच उत्तराचं ध्रुवपद झालं. मोहाडीच्या सभेत "वीस हजार मिळाले, ही गोष्ट खरी आहे" हे वाक्य तसंच वागू शकतं: एकराच्या हिशेबाआधी एकदा, क्विंटलच्या हिशेबानंतर एकदा, आणि कमी पिकवणाऱ्याची बाजू सांगताना पुन्हा.

असं उत्तर फसतं कुठे, तेही दिसायला हवं. सगळ्यात जास्त फसतं ते वक्त्याला गावाचं पीक माहीत नसल्यामुळे. पाण्याखालच्या गावासाठी बसवलेलं भाषण तसंच्या तसं कोरडवाहू गावात नेलं, आणि "किती पिकले?" विचारल्यावर "आठ!" असा आवाज आला, तर वक्त्याचाच हिशेब त्याच्याविरुद्ध उभा राहतो. म्हणून सभेआधी त्या गावच्या सेवा सहकारी संस्थेत किंवा खरेदी केंद्रावर जाऊन विचारणारा एक कार्यकर्ता दहा घोषणा देणाऱ्यांपेक्षा मोलाचा. दुसरं फसणं, उत्तराच्या सुरुवातीलाच समोरच्याचं वाक्य त्याच चालीत, त्याच जोशात म्हणून दाखवणं. लोकांना मग तेच आठवतं. आणि तिसरं, बोनसला उत्तर देता देता चुकाऱ्यांना झालेला उशीर, खरेदी केंद्रावरचा बारदाना, वीजबिल, गोसीखुर्दचे कालवे सगळं एका दमात काढणं. एका दाव्याला एकच उत्तर पुरतं. पाच उत्तरांतलं पाचवं कच्चं निघालं, की पहिली चारही कच्ची वाटू लागतात.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (४) खाली उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हे भ्रष्ट आचरण ठरतं. आचारसंहिता सांगते, की टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर आणि आधीच्या कामावर असावी, खातरजमा न केलेले आरोप टाळावेत. पण दोन खरे आकडे वेगवेगळ्या मापांनी शेजारी ठेवले, तर त्यात कुणाचा गुन्हा? ते दुरुस्त करण्याची जागा म्हणजे पुढचीच सभा.

आणि दुरुस्ती झाली तरी मत बदलतंच असं नाही. २०१६च्या अमेरिकन निवडणुकीत ब्रेंडन नायहन, इथन पोर्टर, जेसन रायफ्लर आणि थॉमस वूड यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या गुन्हेगारीविषयीच्या विधानाची दुरुस्ती लोकांना दाखवली. ट्रम्प यांच्या समर्थकांनीसुद्धा दुरुस्त आकडा बऱ्याच अंशी मान्य केला, पण उमेदवाराबद्दलची त्यांची पसंती जागच्या जागी राहिली. आकड्याबद्दलचा विश्वास आणि माणसाबद्दलचा विश्वास मनात वेगवेगळ्या ठिकाणी राहतात.

१९५४च्या भंडाऱ्यात हेच अधिक तीव्रपणे दिसलं. त्या दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, आणि दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. आंबेडकरांच्या मतदारांनी दुसरं मत कुणालाच न देता कुजवलं असतं, तर सर्वसाधारण जागेवरच्या उमेदवाराला त्याचा उपयोग झाला नसता आणि आंबेडकरांचं पारडं जड झालं असतं, असं काही कार्यकर्त्यांचं मत होतं. या भागात सांगितली जाणारी आठवण अशी, की बाबासाहेबांनी त्याला नकार दिला: मी राज्यघटना लिहिली, मीच लोकांना मत कुजवायला सांगू का? त्यांनी प्रचारात नेहरू सरकारच्या धोरणांवर, परराष्ट्र धोरणावर सविस्तर टीका केली. निकाल आला तेव्हा सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बोरकर. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी पडले. १९३७चे ७८ आणि ७३ इतक्या नेमकेपणाने मांडणाऱ्या माणसालाही मतपेटीत तेवढा आकडा मिळाला नाही. त्यांचा हिशेब मात्र त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

मग शांत उत्तर पोचलं की नाही, हे ओळखायचं कशावरून? टाळीवरून तर नाहीच, टाळी घडणीला पडते हे आपण पाहिलं. माझ्या मते खूण दुसरी आहे. सभा संपत आलेली असते, वक्ता माईक ठेवायला निघतो, आणि मागच्या बाजूने कुणीतरी उभा राहून विचारतो, "भाऊ, अन् पाच एकरच्या वर असलं तर?" त्याने आकडा नुसता ऐकलेला नसतो, पुढे नेलेला असतो. त्याला उत्तर द्यायला वक्त्याने कागद बघायलाही हरकत नाही. नव्या पद्धतीत दोन हेक्टरची मर्यादा होती, म्हणजे पाच एकरांपर्यंत जास्तीत जास्त चाळीस हजार. जुन्या पद्धतीत पन्नास क्विंटलची मर्यादा होती, म्हणजे जास्तीत जास्त पस्तीस हजार. पाच एकरांच्या वर शेती असलेल्याला नवी पद्धत निदान पाच हजारांनी जास्त पडते, तो एकरी कितीही पिकवो. हे उत्तर वक्त्याच्या विरोधात जातं, आणि तरी ते त्याने तिथल्या तिथे, तेवढ्याच शांतपणे द्यायचं असतं.